शाब्दिक उदाहरणाची भाषा सोपी करा, गणित आहे तिथेच राहू द्या

सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांमध्ये, धडगाव-अक्कलकुव्यापासून शिरपूर, चोपडा, यावलपर्यंत, वर्गातल्या बऱ्याच मुलांची मराठी ही दुसरी भाषा असते. घरी पावरी किंवा भिली, नवापूरकडे मावची. खाली साक्री, अमळनेर, पारोळ्याकडे अहिराणी. अहिराणी मराठीला जवळची, म्हणून तिकडच्या मुलांना मराठी येतेच असे आपण धरून चालतो. मग ‘असता’, ‘असल्यास’, ‘उर्वरित’ अशा शब्दांनी भरलेले शाब्दिक उदाहरण समोर आले की तीही मुले थांबतात.

यावर उपाय म्हणून शिक्षक वर्कशीट सोपी करतात आणि बहुतेक वेळा बिघाड तिथेच होतो. एक तर भाषेबरोबर गणितही सोपे होऊन जाते, म्हणजे मुलाने जे ठरवायचे ते आपणच लिहून टाकतो. नाही तर वाक्ये इतकी तोकडी होतात की उदाहरणच बदलते आणि मुलाचे ‘चुकलेले’ उत्तर खरे तर बरोबर असते. या दोन्ही गोष्टी टाळायच्या असतील तर काम ठरावीक क्रमाने करावे लागते. पूर्ण लेखात सहावी-सातवीचे एकच उदाहरण मुख्य धरले आहे. ते असे:

> एका प्रगतिशील शेतकऱ्याने आपल्या शेतातून काढलेल्या एकूण कापसापैकी एक तृतीयांश कापूस बाजार समितीच्या आवारात नेऊन विकला असता, उर्वरित कापसापैकी एक चतुर्थांश कापूस खेडा खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्यास विकण्यात आला. तदनंतर सदर शेतकऱ्याकडे १५ क्विंटल कापूस शिल्लक राहिला असल्यास, प्रारंभी त्याच्याकडे किती क्विंटल कापूस होता?

उत्तर ३० क्विंटल. पुढे वाचण्याआधी कागद घेऊन स्वतः सोडवा. सोडवताना तुमचा हात कुठे क्षणभर थांबला ते लक्षात ठेवा, ती जागा पुढे लागणार आहे.

## १. मूल नेमके कुठे अडले ते आधी बघा

वर्कशीट हातात घेऊन लगेच शब्द बदलायला बसू नका. अडचण भाषेची आहे की अपूर्णांकांची, हे आधी कळायला हवे. ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन यांनी १९७७ साली यासाठी एक साधा क्रम मांडला, तो आपल्या वर्गातही चालतो. दोन-तीन मुलांना एकेकटे बसवा आणि हे पाच प्रश्न याच क्रमाने विचारा:

1. हे मोठ्याने वाच. न कळलेला शब्द असेल तर सांग.
2. यात काय झाले? काय शोधायचे आहे?
3. कसे शोधशील?
4. करून दाखव.
5. आता उत्तर लिही.

पहिल्या दोन प्रश्नांवर मूल अडखळले तर अडथळा भाषेचा आहे. चौथ्यावर अडखळले तर आकडेमोडीचा, आणि तिथे वाक्ये सोपी करून काहीच मिळणार नाही. फसवा असतो तो तिसरा प्रश्न. ‘कसे शोधशील’ याला उत्तर आले नाही तर कारण दोन्हींपैकी कोणतेही असू शकते. अशा वेळी तेच उदाहरण मुलाच्या घरच्या भाषेत तोंडी सांगा, किंवा सांगवून घ्या. ऐकल्यावर मूल सोडवू लागले तर दोष कागदावरच्या भाषेत आहे. तरीही गप्प राहिले तर उरलेल्याचा भाग काढणे ही कल्पनाच त्याला अजून आलेली नाही, आणि ती शिकवावी लागेल.

तुम्हाला पावरी येत नसेल तर वरच्या वर्गातला मुलगा किंवा पोषण आहार शिजवणाऱ्या ताई मदत करतात. फक्त त्यांना आधीच बजावून ठेवा की गोष्ट सांगायची, हिशोब सांगायचा नाही. आपली माणसे मायाळू असतात, मूल अडलेले दिसले की ती अर्धे उदाहरण सोडवूनच देतात.

तपासा: पाचही प्रश्न विचारून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. नुसते वर्कशीटवरचे चुकलेले उत्तर बघून भाषेला दोष देणे ही सगळ्यात जास्त दिसणारी घाई आहे.

## २. गणिताचा सांगाडा लिहून काढा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि पुढच्या सगळ्या चुका इथूनच येतात. भाषेला हात लावण्याआधी उदाहरणातले गणित वेगळ्या कागदावर उतरवायचे. आपल्या उदाहरणाचा सांगाडा असा होईल:

- शोधायचे: सुरुवातीचा सगळा कापूस.
- दिलेले: १/३, १/४ आणि शेवटी उरलेले १५ क्विंटल.
- कशाचा भाग: १/३ हा सगळ्या कापसाचा, १/४ हा उरलेल्या कापसाचा.
- दिशा: शेवट माहीत आहे, सुरुवात शोधायची आहे.
- मुलाने स्वतः ठरवायचे: दुसरा अपूर्णांक पहिल्यासारखा सगळ्याचा नाही, आणि १५ क्विंटल म्हणजे सगळ्याचा कितवा भाग आहे.

यातली शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. स्वतः सोडवताना तुमचा हात जिथे थांबला ती जागा बहुधा हीच असेल. या ओळीत जे लिहिले ते नव्या वर्कशीटवर कुठल्याही रूपात येता कामा नये: वाक्यात नाही, चित्रात नाही, कंसातल्या सूचनेतही नाही.

सोडवण्याची रीतही इथेच लिहून ठेवा. १/३ विकला म्हणजे २/३ उरला. त्या २/३ चा १/४ म्हणजे १/६. दोन्ही वजा केल्यावर सगळ्याचा १/२ उरतो. १/२ म्हणजे १५, म्हणून सगळा ३०.

त्याखाली अपेक्षित चुकीची उत्तरे लिहा. मुलाने १/४ हाही सगळ्या कापसाचाच धरला तर १/३ आणि १/४ मिळून ७/१२ विकला, ५/१२ उरला, आणि उत्तर येते ३६. मुलाने १५ हा उरलेल्याचा ३/४ आहे हे ओळखले पण तिथेच थांबला तर उत्तर येते २०. १५ क्विंटल हाच विकलेला १/३ भाग समजला तर ४५. तीनही उत्तरे पूर्ण संख्येत येतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. ३६ लिहिणाऱ्याचा अपूर्णांकाचा पाया चुकला, २० लिहिणाऱ्याने एक पायरी सोडली, ४५ लिहिणाऱ्याने वाचनातच घोळ घातला. वर्कशीट सोपी केल्यावर ४५ कमी व्हायला हवेत. ३६ मात्र एका झटक्यात नाहीसे झाले तर संशय घ्या.

इशारा: आकडे बदलू नका. ‘मुलांना सोपे जाईल’ म्हणून १५ चे १० केले तर बरोबर उत्तर २० येते, आणि पाया चुकलेल्या मुलाचे उत्तर २४. पण आधीच्या वर्कशीटशी तुलना करायची सोय गेली, आणि भाषा बदलल्याने फरक पडला की आकड्यांनी, हे कधीच कळणार नाही.

## ३. भाषेतले अडथळे खुणवा

आता मूळ उदाहरण घ्या आणि पेन्सिलने खुणा करा. सगळेच अवघड शब्द सारखे नसतात, म्हणून तीन वेगळ्या खुणा ठेवा.

काट मारा असे शब्द म्हणजे जे काढले तरी सांगाड्यातली एकही ओळ हलत नाही. ‘प्रगतिशील’, ‘सदर’, ‘आपल्या शेतातून काढलेल्या’, ‘आवारात नेऊन’. शेतकरी प्रगतिशील असला काय अन् नसला काय, कापूस तेवढाच.

गोल करा असे शब्द म्हणजे ज्यांचा अर्थ लागतो, पण रूप पुस्तकी आहे. ‘तदनंतर’, ‘प्रारंभी’, ‘असल्यास’, ‘विकला असता’, ‘व्यापाऱ्यास’, ‘विकण्यात आला’. यातले ‘विकण्यात आला’ वाटते त्यापेक्षा जास्त त्रास देते. कोणी विकला ते वाक्यात नाही, आणि लगेच पुढे व्यापारी येतो. काही मुले समजतात की व्यापाऱ्याने विकला, म्हणजे आता कापूस दुसऱ्याच कोणाचा झाला.

चौकट करा असे शब्द म्हणजे ज्यांवर गणित उभे आहे. ‘पैकी’, ‘एक तृतीयांश’, ‘एक चतुर्थांश’, ‘उर्वरित’, ‘शिल्लक’, ‘क्विंटल’. यांना हात लावायचा तर सांगाडा शेजारी ठेवूनच.

चौकटीतल्या शब्दांबद्दल जरा थांबून बोलावे लागेल. ‘उर्वरित’ आणि ‘शिल्लक’ ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत. आपल्याला ती सारखी वाटतात, दुसऱ्या भाषेतून आलेले मूल मात्र दोन शब्द म्हणजे दोन गोष्टी असे धरते, आणि त्याचे बरोबरच आहे. एक शब्द निवडा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. मी ‘उरलेला’ आणि ‘उरला’ घेतो. ‘बाकी’ टाळा, कारण भागाकारात ‘बाकी’ला ठरलेला अर्थ आहे आणि मुले इथे विनाकारण भागाकार करायला धावतात.

‘पैकी’ ठेवायचाच. तो अवघड वाटतो, पण मुलांना तो गुणपत्रिकेतून माहीत असतो: वीसपैकी पंधरा. शिवाय शेकडेवारीत तो पुन्हा येणारच आहे. ‘अपूर्णांक’, ‘सरासरी’, ‘परिमिती’, ‘नफा’, ‘मुद्दल’ हे शब्दही असेच, ते शिकवायचे असतात, वर्कशीटमधून हटवायचे नसतात. ‘परिमिती काढा’च्या जागी ‘चारही बाजू मिळवा’ लिहिले की प्रश्नच संपला, उरली फक्त बेरीज.

‘एक तृतीयांश’चे काय करायचे ते वर्कशीटच्या हेतूवर ठरते. अपूर्णांक अक्षरात वाचणे हाच हेतू असेल तर तो तसाच राहील. इथे हेतू वेगळा आहे, म्हणून सरळ १/३ लिहा. ‘एक चतुर्थांश’ला मात्र ‘पाव’ करू नका. घरोघरी ‘पाव’ म्हणजे पाव किलो, आणि ‘पाव कापूस विकला’ वाचून मूल २५० ग्रॅमचा हिशोब मांडते.

## ४. वाक्ये उलगडा, याच क्रमाने

लांब वाक्यांची छोटी वाक्ये करायची, पण क्रम चुकला तर गाठी तशाच राहतात.

पहिले, माणसाला नाव द्या. ‘एक शेतकरी’, ‘सदर शेतकरी’, ‘त्याच्याकडे’ असे तीन उल्लेख एकाच माणसाचे आहेत. एक छोटे नाव द्या. उदाहरणात दोन माणसे असतील तर प्रत्येक वाक्यात नावेच लिहा, ‘तो’ आणि ‘त्याच्या’वर विसंबू नका.

दुसरे, माहीत नसलेली गोष्ट आधी मांडा. मूळ उदाहरणात सुरुवातीचा कापूस थेट शेवटच्या प्रश्नात येतो. नव्या रूपात पहिलेच वाक्य ‘संतोषकडे काही क्विंटल कापूस होता’ असे लिहा. यात उत्तर कुठेच दिलेले नाही, आपण नुसते सांगितले की अशी एक राशी आहे.

तिसरे, एका वाक्यात एकच घटना. क्रियापद कर्तरी ठेवा: त्याने विकला. घटना जशा घडल्या त्या क्रमाने.

चौथे, प्रश्न एकटा, शेवटच्या ओळीत. ‘असल्यास’ने सुरू होणारी अट प्रश्नातून काढा आणि तिचे साधे विधान करा.

या क्रमाने आपले उदाहरण असे होते:

> संतोषकडे काही क्विंटल कापूस होता.
> त्या कापसापैकी १/३ कापूस त्याने बाजार समितीत विकला.
> उरलेल्या कापसापैकी १/४ कापूस त्याने गावातल्या व्यापाऱ्याला विकला.
> आता त्याच्याकडे १५ क्विंटल कापूस उरला आहे.
> सुरुवातीला संतोषकडे किती क्विंटल कापूस होता?

पाच वाक्ये झाली. शब्द फारसे कमी झाले नाहीत, आणि व्हायलाही नकोत. लांबी घटवणे हा उद्देशच नाही. आधी मुलाला सगळे वाक्य डोक्यात धरून शेवटच्या क्रियापदापर्यंत जावे लागत होते, आता दर ओळीला थांबून श्वास घेता येतो.

कागदावर प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करा. ‘१५’ एका ओळीच्या शेवटी आणि ‘क्विंटल’ दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला असे तुटू देऊ नका.

## ५. चुकलेली रूपे ओळखा

आता याच उदाहरणाची तीन बिघडलेली रूपे बघा. तीनही वाचायला सोपी आहेत, म्हणूनच ती धोक्याची.

सोडवून दिलेले रूप:

> कापसाचे ६ समान भाग केले. २ भाग विकले. ४ भाग उरले. त्या ४ पैकी १ भाग विकला. ३ भाग उरले. ३ भाग म्हणजे १५ क्विंटल. ६ भाग म्हणजे किती?

हे सांगाड्याच्या शेवटच्या ओळीशी ताडून बघा. सहा भाग का करायचे, १५ म्हणजे कितवा भाग, सगळे लिहून झाले आहे. हे चौथीच्या मुलालाही येईल. सहावीच्या वर्गाचे पन्नासपैकी पंचेचाळीस मिळाले तर त्या पंचेचाळिसांतून काहीच कळत नाही. भागांच्या पट्टीचे चित्र छापणे हाही याचाच प्रकार. पट्टी मुलाने काढायची आहे. कापसाच्या ट्रॅक्टरचे चित्र चालेल, त्यात गणित नसते.

उलटवलेले रूप:

> संतोषकडे ३० क्विंटल कापूस होता. त्याने १/३ विकला. उरलेल्यापैकी १/४ विकला. किती उरला?

गोष्ट तीच वाटते, पण दिशा पालटली. आता मुलाला मागे जायचे नाही, समोर चालत जायचे आहे. सराव म्हणून हे आधी द्यायला हरकत नाही, पण मूळ उदाहरणाच्या जागी हे ठेवले तर मूळ उदाहरण गेलेच.

तोकडे रूप:

> संतोषने १/३ कापूस विकला. मग १/४ विकला. १५ क्विंटल उरला. आधी किती होता?

हे सगळ्यात जास्त दिसते. ‘उरलेल्या कापसापैकी’ हे लांबलचक वाटले म्हणून उडवले, आणि त्याबरोबर १/४ कशाचा ते उडाले. या रूपात ३६ हे उत्तर पूर्ण बरोबर आहे. उत्तरसूची मात्र ३० म्हणते. मुलाला चूक मिळते, आणि आपण म्हणतो अजून सोपे करायला हवे होते.

इशारा: ‘पैकी’, ‘पेक्षा’, ‘प्रत्येकी’, ‘उरलेल्या’, ‘दर’ हे छोटे शब्द कापायच्या आधी दोनदा विचार करा. उदाहरणातली बहुतेक नाती याच शब्दांवर टांगलेली असतात.

## ६. ‘पेक्षा’ची उदाहरणे वेगळी सांभाळा

तुलनेच्या उदाहरणात आणखी एक मोह असतो, तो अनुभवी शिक्षकांनाही पडतो. मूळ वाक्य बघा:

> कविताने वेचलेला ४८ किलो कापूस हा सुनीताने वेचलेल्या कापसाच्या तुलनेत १२ किलोने अधिक असल्यास, सुनीताने किती कापूस वेचला?

उत्तर ३६ किलो. ‘अधिक’ दिसले की मुले ४८ मध्ये १२ मिळवतात आणि ६० लिहितात. ते टाळायला शिक्षक लिहितात: ‘सुनीताने कवितापेक्षा १२ किलो कमी कापूस वेचला.’ आता कोणीच चुकत नाही, कारण वाक्यातच वजाबाकी सांगितली. कोण कोणापेक्षा जास्त हे उलटून बघणे, हेच तर या उदाहरणातले गणित होते.

बरोबर रूप असे:

> कविताने ४८ किलो कापूस वेचला.
> कविताने सुनीतापेक्षा १२ किलो जास्त कापूस वेचला.
> सुनीताने किती किलो कापूस वेचला?

‘वेचलेल्या कापसाच्या तुलनेत’ गेले, ‘असल्यास’ गेले, ‘अधिक’चे ‘जास्त’ झाले. ‘जास्त’चे ‘कमी’ मात्र झाले नाही. ६० लिहिणारी मुले अजूनही सापडतील, आणि ती सापडायलाच हवीत. त्यांच्याशी बोलायचे ते गणिताबद्दल: आधी सांग, जास्त कोणी वेचला? कविताने की सुनीताने?

याच कारणासाठी ‘एकूण’ हा शब्द स्वतःहून कुठे घालू नका. मूळ प्रश्नात असेल आणि अर्थासाठी लागत असेल तर ठेवा. मदत म्हणून घातला की मुले तो बेरजेची खूण म्हणून वाचतात, आणि पुढच्या वर्षी ‘एकूण’ असलेल्या भागाकाराच्या उदाहरणातही बेरीज करून मोकळी होतात.

## ७. छापण्याआधी चार तपासण्या

शेजारी शेजारी सोडवा. मूळ आणि नवे रूप दोन्ही पूर्ण पायऱ्यांसह सोडवा. नुसते उत्तर जुळणे पुरेसे नाही. तोकडे रूप तुम्ही स्वतः सोडवलेत तर ३०च येईल, कारण १/४ उरलेल्याचा हे तुम्हाला मूळ वाचून माहीत आहे. म्हणून पुढची तपासणी.

मूळ न बघितलेल्या सहकाऱ्याला द्या. शाळा दोन शिक्षकी असली तरी हे जमते, आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत तर सहज जमते. त्यांना फक्त नवे रूप द्या आणि कशाचा भाग, दिशा कोणती, हे विचारा. त्यांचे उत्तर तुमच्या सांगाड्याशी जुळले पाहिजे.

झाकून बघा. आकडे आणि ‘जास्त’, ‘उरला’, ‘विकला’ एवढेच शब्द उघडे ठेवून बाकी सगळे हाताने झाका. तेवढ्यावर उत्तर काढता येत असेल तर वाचायची गरजच राहिली नाही, म्हणजे तुम्ही गणित सोपे केले आहे.

आकड्यांशिवाय गोष्ट सांगायला लावा. दोन मुलांना नवे रूप वाचायला द्या, कागद उलटा ठेवा आणि काय झाले ते त्यांच्या भाषेत सांगू द्या. अहिराणीत सांगो की पावरीत. ‘त्याने थोडा विकला, मग जो उरला त्यातला थोडा विकला’ एवढे आले की भाषा पोचली. ‘थोडा विकला, परत थोडा विकला’ असे आले तर ‘उरलेल्या कापसापैकी’ अजून निसटते आहे. तिथे वाक्य दोन करता येईल: ‘काही कापूस उरला. त्या उरलेल्या कापसापैकी १/४ कापूस त्याने गावातल्या व्यापाऱ्याला विकला.’ किती उरला ते मात्र लिहायचे नाही.

प्रसंग बदलायचा का, हा प्रश्न इथे नेहमी निघतो. मूळ उदाहरणात मेट्रोचे तिकीट असेल तर धडगाव-शहादा एसटीचे तिकीट करणे ठीक. पण कापसाच्या जागी केळी, बाजाराच्या जागी होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, असे प्रत्येक उदाहरण आपल्याकडचे करायच्या नादात दर आणि मापे बदलतात. केळी क्विंटलच्या भावाने जातात, डझनाने फक्त गाडीवर. मुलांना हे तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते आणि चुकीचा भाव वाचला की ती उदाहरण सोडून भावावर वाद घालतात.

## ८. मूळ भाषेकडे परत न्या

शिष्यवृत्ती परीक्षेत किंवा नवोदयच्या परीक्षेत कोणी सोपी भाषा देणार नाही. तेव्हा सोपे रूप हा कायमचा मुक्काम नाही, आणि घरच्या भाषेतले रूप हे कागदावर छापायचे नाही, ते तोंडी राहू द्या.

एकदा मुले सोप्या रूपावर स्थिर झाली की पुढच्या वर्कशीटमध्ये फक्त प्रश्नाची ओळ पुस्तकी करा: ‘प्रारंभी संतोषकडे किती क्विंटल कापूस होता?’ नंतर अट परत आणा: ‘१५ क्विंटल कापूस उरला असल्यास…’ एका वेळी एकच बदल, म्हणजे कोणती रचना अडते ते दिसते. माझ्या बघण्यात ‘असल्यास’ मुलांना लवकर जमते. ‘वेचलेल्या’, ‘काढलेल्या’, ‘करणाऱ्या’ अशा रचना सगळ्यात उशिरा जमतात, कारण त्यात एक पूर्ण वाक्य नामाच्या आधी दडलेले असते. त्यासाठी उलटा व्यायाम द्या: ‘सुनीताने कापूस वेचला. तो कापूस ओला होता.’ यावरून ‘सुनीताने वेचलेला कापूस ओला होता’ हे मुलांनी तयार करायचे.

शेवटी मूळ लांब उदाहरण जसेच्या तसे द्या आणि सोडवायला सांगू नका. सांगायचे एवढेच, की याच्या छोट्या ओळी करा. जोड्यांमध्ये काम द्या, शक्यतो एक अहिराणी बोलणारा आणि एक पावरी बोलणारा, म्हणजे दोघांनाही मराठीतच बोलावे लागते. त्यांनी केलेली ओळींची यादी तुमच्या सांगाड्याशी ताडा. ज्या जोडीने ‘उरलेल्या कापसापैकी’ गाळले तिला दुरुस्ती सांगण्याआधी विचारा, १/४ कापूस कशाचा विकला, आणि उत्तर कोणत्या ओळीत आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा.

प्रत्येक उदाहरणाचा सांगाडा आणि अपेक्षित चुकीची उत्तरे वर्कशीटच्या शिक्षकप्रतीवर मागच्या बाजूला लिहून ठेवा. बदली होऊन येणाऱ्या शिक्षकाला ३६ म्हणजे काय आणि ४५ म्हणजे काय हे तिथे वाचता येईल, आणि पुढच्या वर्षी कोणी ‘जरा लांब वाटते’ म्हणून ती तिसरी ओळ कापायला गेले तर आधी पान उलटून बघतील.